धडधड सुरू कशी होते, थांबते कशी?

पंचेचाळिशीतल्या बाईने ‘छातीत धडधडतं’ म्हटलं की घरात तीन उत्तरं तयार असतात. सासूबाई म्हणतात, गॅस झाला असेल. मैत्रीण म्हणते, पाळी जायला आली, वयाचं आहे. नवरा म्हणतो, फार टेन्शन घेतेस. ही उत्तरं पुष्कळदा बरोबरही निघतात, कारण पाळी अनियमित होऊन कायमची थांबेपर्यंतच्या काळात धडधड ही अगदी नेहमीची तक्रार आहे. भारतीय स्त्रियांची पाळी साधारण ४६-४७ च्या सुमारास थांबते. म्हणजे ही तक्रार बहुतेकींना चाळिशीतच गाठते. पण याच वयात रक्तक्षय, थायरॉईड, रक्तदाब आणि हृदयाच्या लयीतले बिघाडही डोकं वर काढतात. वय सगळ्यांचं सारखंच असल्यामुळे नुसत्या वयावरून यांतलं काहीच वेगळं काढता येत नाही. धडधड सुरू कशी होते, ठोके कसे पडतात, ती थांबते कशी आणि तिच्यासोबत आणखी काय येतं, एवढं नीट सांगता आलं तर निम्मं निदान तिथेच होतं.

समजा, सहकारनगरात राहणाऱ्या एक शिक्षिका आहेत. वय ४८. विद्यार्थी म्हणतात तसं आपणही त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणू. वर्षभरापासून पाळी कधी वीस दिवसांनी येते, कधी दोन महिन्यांनी, आणि आली की आठ-आठ दिवस भरपूर जाते. डॉक्टरांपुढे बसून त्या एकच वाक्य बोलतात, ‘सारखं धडधडतं हो.’ डॉक्टरांनी खोदून विचारल्यावर त्या एका वाक्यातून चार वेगवेगळ्या धडधडी बाहेर येतात.

पहिली रात्रीची. दोन-अडीचला जाग येते, छातीपासून चेहऱ्यापर्यंत गरम वाफ चढते, मान आणि पाठ घामाने भिजते, त्याच वेळी हृदय जोरात धावतं. काही मिनिटांत सगळं ओसरतं आणि मग थंडी वाजते. शरीराचं तापमान राखणारं केंद्र मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागात असतं. इस्ट्रोजेनची पातळी खालीवर होऊ लागली की हे केंद्र हळवं होतं, आणि एरवी ज्या किंचित उष्णतेकडे त्याने लक्षही दिलं नसतं तिला ‘फार गरम झालं’ असं समजून ते शरीर थंड करायला धावतं. कातडीखालच्या रक्तवाहिन्या पसरतात, घाम सुटतो, आणि कातडीकडे जादा रक्त पोचवण्यासाठी हृदयाचा वेग मिनिटाला साधारण सात ते पंधरा ठोक्यांनी वाढतो. आकडा छोटा आहे, पण शांत खोलीत, झोपेतून दचकून उठल्यावर तो मोठा भासतो. डाव्या कुशीवर झोपलं की हृदय छातीच्या भिंतीजवळ येतं, त्यामुळे ठोके आणखी ठळक जाणवतात. ही धडधड हळूहळू चढते, हळूहळू उतरते, आणि गरम वाफेच्या सोबतीनेच येते.

दुसरी दिवसा, फळ्यावर लिहिताना किंवा जेवण झाल्यावर निवांत बसल्यावर. ‘ठोका चुकतो आणि मग छातीत एकदम धप्प होतं,’ असं बाई सांगतात. इथे खरं तर एक ठोका वेळेआधीच पडून गेलेला असतो. तेव्हा हृदय पुरतं भरलेलं नसल्याने तो जाणवत नाही. त्यानंतर थोडी जास्त विश्रांती मिळते, हृदयात जास्त रक्त साठतं, आणि पुढचा ठोका जोरात पडतो. तो ‘धप्प’ म्हणजे हा पुढचा, चांगला ठोका. असे जादा ठोके निरोगी माणसांतही पडतात. संप्रेरकांची चढउतार, अपुरी झोप आणि दिवसभराचे चहा-कॉफीचे कप यांनी ते वाढतात. हृदयाची रचना निर्दोष असेल तर अधूनमधून पडणाऱ्या अशा ठोक्यांना बहुधा औषध लागत नाही. मात्र ते खूप संख्येने पडत असतील, ओळीने पडत असतील किंवा चालता-चढताना वाढत असतील, तर तपासणी हवी.

तिसरी पर्वतीच्या पायऱ्यांवरची. पूर्वी एका दमात वर जाणाऱ्या बाईंना आता मध्येच थांबावं लागतं. हृदय धावतं, धाप लागते, पाय गळून जातात. श्रमासोबत येणारी धडधड ‘वयाची’ म्हणून सोडायची नसते. बाईंची नाडी वेगवान पण नियमित होती, डोळ्यांच्या खालच्या पापण्या आतून फिकट. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.४, आणि शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन फारच कमी. हिमोग्लोबिन कमी म्हणजे प्रत्येक ठोक्यासोबत जाणारा प्राणवायू कमी, म्हणून तेवढंच काम करायला हृदय जास्त वेळा धडकतं. पाळी जाण्याआधीच्या काळात काही महिने बीज सुटतच नाही. अशा वेळी गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं आणि नंतर जोरात रक्तस्राव होतो. सोबत फायब्रॉईडची गाठ असेल तर आणखीच. म्हणजे ही धडधड पाळीशी जोडलेली खरी, पण रस्ता वेगळा, आणि उपायही वेगळा: लोह द्यायचं आणि रक्तस्रावाचं कारण शोधायचं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. त्यामुळे धडधडीची तक्रार घेऊन आलेल्या बाईचं हिमोग्लोबिन न तपासता तिला परत पाठवणं आपल्याकडे तरी परवडणारं नाही. त्याच सुईत टीएसएच ही थायरॉईडची तपासणीही करून घ्यावी. थायरॉईडचा स्राव वाढला की धडधड, घाम, वजन घटणं, झोप उडणं हे सारं होतं, आणि ते पाळी जाण्याच्या त्रासासारखं हुबेहूब दिसू शकतं. थायरॉईडची गोळी चालू असेल तर तिचा डोस जास्त होतोय का, हेही यातच कळतं.

चौथी धडधड बाईंनी जवळजवळ सांगितलीच नव्हती, कारण ती वर्षभरात तीनदाच आली होती. ओट्याशी उभ्या असताना, कसलंही कारण नसताना, दिव्याचं बटण दाबावं तशी ती एका क्षणात सुरू झाली. ठोके इतके भराभर की मोजता येईनात, पण सगळे सारख्या अंतराने. गळ्यात काहीतरी फडफडत होतं. वीसेक मिनिटांनी, सुरू झाली तशीच, ती एकाएकी थांबली आणि नंतर बाईंना दोन-तीनदा भरपूर लघवीला जावं लागलं. घरच्यांच्या मते हा घाबरण्याचा झटका होता.

असं वर्णन ऐकल्यावर डॉक्टरांच्या मनात एसव्हीटी येतो. हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांना जोडणाऱ्या वीजमार्गात काहींना जन्मतः एक जादा वाट असते. कधीतरी विजेचा संदेश त्या वाटेने परत फिरतो आणि गोल गोल फिरत राहतो. मग हृदय मिनिटाला १५० ते २२० ठोक्यांनी धावतं. दोन्ही कप्पे एकाच वेळी आकुंचन पावल्यामुळे रक्ताचा झोत उलटा मानेच्या शिरांत जातो, तीच गळ्यातली फडफड. वरचे कप्पे ताणले गेल्यामुळे त्यांतून लघवी वाढवणारं संप्रेरक सुटतं, म्हणून नंतरची लघवी. याचा सर्वांत नेहमीचा प्रकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत साधारण दुप्पट दिसतो, आणि तरीही नेमका स्त्रियांतच तो निसटतो. १९९७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा १०७ रुग्णांपैकी निम्म्याहून अधिकांचं निदान पहिल्या तपासणीत झालंच नव्हतं. अनेकांना चिंता किंवा ताण हे कारण सांगण्यात आलं होतं, आणि हे स्त्रियांच्या बाबतीत अधिक घडलं होतं. हा विकार सहसा जिवावर बेतत नाही, आणि कॅथेटरने ती जादा वाट जाळून तो बहुतेकांत कायमचा बरा करता येतो. आधी तो कागदावर पकडता मात्र यायला हवा.

इथेच ‘ईसीजी नॉर्मल आला’ या वाक्याचा अर्थ समजून घ्यावा लागतो. नेहमीच्या ईसीजीच्या कागदावर दहाएक सेकंदांचे ठोके उतरतात. त्या दहा सेकंदांत धडधड नसेल तर ती कागदावर येणार नाही. तरीही हा ईसीजी करायचाच, कारण जुन्या हार्ट अटॅकची खूण, जादा वीजमार्ग किंवा ठोक्यांमधला धोकादायक फरक धडधड नसतानाही त्यात दिसू शकतो. त्रास रोज होत असेल तर २४ तासांचा होल्टर लावतात. छातीवर चिकटवलेलं हे छोटं यंत्र दिवसभरातले लाखभर ठोके टिपतं. बाईंसारखा वर्षात तीनदा होणारा त्रास मात्र होल्टरमध्ये सापडेलच असं नाही. तिथे जास्त दिवस लावायचं यंत्र उपयोगी पडतं, किंवा मग धडधड चालू असतानाच जवळच्या दवाखान्यात जाऊन ईसीजी काढून घ्यायचा. हातावरच्या घड्याळात ईसीजीची सोय असेल तर त्या क्षणाची नोंद जपून ठेवावी. पण घड्याळाने ‘नॉर्मल’ म्हटलं म्हणून त्रास अंगावर काढू नये.

हृदयाची तपासणी लवकर कुणी करून घ्यावी? धडधडीसोबत डोळ्यांपुढे अंधारी आली, शुद्ध हरपली, किंवा व्यायाम करताना भोवळ आली, तर त्या आठवड्यात नव्हे, त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. एकाएकी सुरू होऊन एकाएकी थांबणारी अतिवेगवान धडधड असेल तर हृदयरोगतज्ज्ञांना दाखवावं. नाडी कसलाच ताल नसल्यासारखी वेडीवाकडी लागत असेल तरीही. अशी नाडी एट्रियल फिब्रिलेशनची असू शकते, आणि त्यात हृदयात रक्ताची गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका असतो. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता आणि ‘हृदयाला त्रास आहे’ असं कुणी म्हटलं होतं, हे आठवत असेल तर जरूर सांगावं. त्या संधिवाती तापाने अरुंद झालेली झडप आपल्याकडे स्त्रियांत चाळिशीतही सापडते. ती इकोमध्ये दिसते. रक्ताच्या नात्यात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर तेही सांगण्याजोगं आहे.

घाम गरम वाफेतही येतो आणि हार्ट अटॅकमध्येही, म्हणून एक फरक लक्षात ठेवावा. गरम वाफेत अंग तापतं, चेहरा लाल होतो, काही मिनिटांत बरं वाटतं. छातीवर दडपण, जबड्याकडे, पाठीत किंवा हातात जाणारी कळ, गार घाम, धाप, मळमळ असं असेल आणि ते ओसरत नसेल, तर पाळीचा विचार बाजूला ठेवून १०८ ला फोन करावा. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या बाईने तर थांबूच नये.

एरवी डॉक्टरांकडे जाण्याआधी दोन आठवडे वहीत नोंद ठेवावी: तारीख, वेळ, काय करत होतो, किती वेळ टिकली, वाफ आली का, पाळीचा कितवा दिवस. धडधड चालू असताना मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून पूर्ण मिनिट नाडी मोजावी आणि दवाखान्यात तोच ठेका टेबलावर बोटांनी वाजवून दाखवावा. दम्याचा पंप, सर्दीच्या गोळ्या, वजन कमी करण्याची पावडर, जे काही चालू असेल ते सांगावं. यांतली काही औषधंही हृदयाला पळवतात. गरम वाफांसाठी काहींना हार्मोनची औषधं देतात, पण निव्वळ धडधडीसाठी ती सुरू करत नाहीत, आणि धडधडीचं कारण सापडण्याआधी तर नाहीच.

बाईंच्या चार धडधडींपैकी पहिली खरोखर वयाची होती. दुसरी इको निर्दोष आल्यावर आणि संध्याकाळनंतरचा चहा बंद केल्यावर मागे पडली. तिसरी लोहाच्या गोळ्यांवर आणि रक्तस्रावाच्या उपचारावर काही महिन्यांत उतरली. चौथीसाठी मात्र त्यांना हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवावं लागलं, आणि ती सापडली ती एका प्रश्नामुळे: ‘थांबताना हळूहळू थांबते की एकदम?’ डॉक्टर हा प्रश्न विचारायला विसरले तर उत्तर आपणहून सांगावं.