नदी ओलांडणारी सर्वांत स्वस्त तार

चेकोस्लोव्हाकियातल्या मोराव्हिया प्रांतात १९२० च्या दशकात गावोगाव वीज पोहोचत होती. पश्चिम मोराव्हियाच्या वीज कंपनीत काम करणाऱ्या जिंद्रिख सॅक्सेल यांनी आपले मित्र, ब्रनो शहरातले तरुण गणिती ओटाकार बोरूवका यांच्यापुढे एक प्रश्न ठेवला. प्रत्येक गावाला वीज मिळावी आणि एकूण तार कमीत कमी लागावी, यासाठी कोणती गावे कोणत्या गावांना जोडायची? बोरूवकांनी १९२६ साली त्याचे उत्तर छापले. पुढे प्रागचे वॉइत्येख यार्निक (१९३०), अमेरिकेतले जोसेफ क्रुस्कल (१९५६) आणि रॉबर्ट प्रिम (१९५७) यांनी आपापल्या रीती दिल्या. या रीती वरवर वेगळ्या दिसतात, पण त्या सगळ्या एकाच तथ्यावर उभ्या आहेत. त्याला आज ‘कट प्रॉपर्टी’ म्हणतात. हे तथ्य खरे का आहे, ते इथे नीट उलगडायचे आहे.

प्रश्न वाटतो त्याहून अवघड आहे. प्रत्येक गावातून दुसऱ्या कुठल्याही गावात तार नेता येत असेल, तर दहा गावे जोडण्याचे, एकही तार वायफळ न घालता, बरोबर १० कोटी मार्ग निघतात. ते सगळे तपासत बसणे १९२६ साली तर अशक्यच होते. म्हणून असा काही निकष हवा, जो सगळे जाळे न पाहता एका तारेबद्दल छातीठोकपणे सांगेल की ही घ्या, हिने नुकसान होणार नाही.

समजायला सोपी म्हणून सहा गावे घेऊ: क, ख, ग, घ, च, छ. ज्या जोड्यांमध्ये तार टाकणे शक्य आहे, त्यांची लांबी किलोमीटरमध्ये अशी: घ–च २, क–ग ३, क–ख ४, च–छ ५, ख–घ ६, ग–घ ७, घ–छ ८, ग–च ९. डोंगर-ओढ्यांचे वळसे यात धरले आहेत. सहा गावे जोडायला पाच तारा पुरतात. पाचाहून कमी तारांत एखादे गाव अंधारात राहील. पाचाहून जास्त घेतल्या तर कुठेतरी वेढा तयार होईल, आणि वेढ्यातली एक तार काढली तरी सगळी गावे जोडलेलीच राहतील. ज्यात वेढा नाही आणि गावही सुटलेले नाही, अशा जोडणीला गणितात वृक्ष म्हणतात. सर्वांत कमी लांबीचा असा वृक्ष म्हणजे ‘मिनिमम स्पॅनिंग ट्री’. आपण त्याला किमान वृक्ष म्हणू.

आता या गावांमधून एक नदी वाहते असे समजा. क, ख, ग अलीकडे आणि घ, च, छ पलीकडे. गावांची अशी दोन गटांत केलेली वाटणी म्हणजे ‘कट’. गटांचा आकार कसाही चालतो, फक्त दोन्ही बाजूंना निदान एक गाव हवे. आपल्या यादीत नदी ओलांडणाऱ्या तारा तीनच आहेत: ख–घ ६, ग–घ ७, ग–च ९. कट प्रॉपर्टी सांगते की यांतली सर्वांत कमी लांबीची, म्हणजे ख–घ, कोणत्या ना कोणत्या किमान वृक्षात असतेच.

नदी ओलांडणारी एखादी तार लागणार, हे उघड आहे. पण ती सर्वांत स्वस्तच का? ती घेतल्याने पुढे दुसरीकडे भुर्दंड बसणार नाही कशावरून? शंका रास्त आहे, कारण आयुष्यात आज स्वस्त पडलेली गोष्ट उद्या महाग पडते. इथे तसे का होत नाही, हे एका अदलाबदलीत दिसते.

एका इंजिनिअरने ख–घ न घेता आराखडा केला आहे असे धरू: क–ग, क–ख, ग–घ, घ–च, च–छ. एकूण ३ + ४ + ७ + २ + ५ = २१ किलोमीटर. त्याच्या आराखड्यात आपण ख–घ ही तार जास्तीची टाकू. ख आणि घ आधीही जोडलेली होतीच, ख पासून क, क पासून ग, ग पासून घ अशा वाटेने. आता त्यांना जोडणारी दुसरी वाट झाली, म्हणून एक वेढा तयार झाला: ख, घ, ग, क आणि परत ख.

या वेढ्यावरून चालत निघा. ख अलीकडच्या काठावर आहे. नवी तार धरून तुम्ही पलीकडे घ ला पोहोचता. वेढा पूर्ण करायचा तर परत ख ला यायला हवे, म्हणजे नदी पुन्हा ओलांडायलाच हवी, आणि ती नव्या तारेने नव्हे, कारण ती वापरून झाली. म्हणून वेढ्यावर नदी ओलांडणारी निदान एक जुनी तार असलीच पाहिजे. इथे ती ग–घ आहे. सगळ्या युक्तिवादाचा प्राण इतकाच आहे, आणि तो कुठल्याही आकड्यावर अवलंबून नाही.

आता ग–घ काढून टाका. कोणी अंधारात गेले का? नाही. ज्यांची वीज ग–घ वरून येत होती, त्यांना वेढ्याच्या दुसऱ्या अंगाने, क, ख, घ अशी, ती मिळते. तारा पुन्हा पाचच आहेत आणि वेढा मोडला आहे, म्हणजे हाही वृक्षच. लांबी २१ अधिक ६ वजा ७, म्हणजे २०. काढलेली तारही नदी ओलांडणारी होती आणि घातलेली तार तशा तारांमध्ये सर्वांत लहान, म्हणून या अदलाबदलीत लांबी वाढूच शकत नाही. झाली तर कमी होईल, नाहीतर तेवढीच राहील. मग कोणताही किमान वृक्ष घेतला आणि त्यात आपली तार नसली, तरी त्याचे ती असलेल्या, तितक्याच लांबीच्या वृक्षात रूपांतर करता येते. सिद्धता इथे पूर्ण होते.

शिकताना हमखास चूक होते ती जुनी तार काढताना. नदी ओलांडणारी कोणतीही तार काढून चालत नाही, ती वेढ्यावरचीच हवी. आपल्याच सहा गावांची वेगळी वाटणी करू: एका गटात फक्त क आणि घ, दुसऱ्यात बाकीची चार. गट एकमेकांशेजारी असावेत अशी काही अट नाही. यादीतली गट ओलांडणारी सर्वांत लहान तार घ–च, २ किलोमीटर. समजा हातातला वृक्ष क–ग, क–ख, ख–घ, ग–च, घ–छ असा ३० किलोमीटरचा आहे. त्यात घ–च घातली की घ, ख, क, ग, च असा वेढा होतो. वृक्षातली गट ओलांडणारी सर्वांत लांब तार घ–छ, ८ किलोमीटरची, म्हणून तीच काढावी असा मोह होतो. पण ती वेढ्यावर नाही. ती काढली की छ अंधारात जाते आणि वेढा तसाच राहतो. तिच्याऐवजी वेढ्यावरची ख–घ काढली की सहाही गावे जोडलेली राहतात आणि लांबी २६ होते. हात कुठे चुकला हे ओळखणे सोपे आहे: तार काढल्यावर एखादे गाव सुटले किंवा वेढा उरला, तर चुकीची तार निघाली.

याच उदाहरणात आणखी एक गोष्ट दिसते. या वृक्षात गट ओलांडणाऱ्या तारा एकाहून जास्त आहेत. कट प्रॉपर्टी सर्वांत लहान तारेची हमी देते, बाकीच्यांना मनाई करत नाही.

एका तारेची हमी मिळाली, पण आराखड्याला पाच लागतात. पहिली तार एका किमान वृक्षात आहे आणि दुसरी भलत्याच किमान वृक्षात, असे झाले तर? म्हणून हे तथ्य वापरताना एक अट पाळतात. आधी निवडलेल्या तारांपैकी एकही जिला ओलांडत नाही, अशीच वाटणी पुढच्या वेळी घ्यायची. मग अदलाबदलीत जी तार निघते ती वाटणी ओलांडणारी असल्यामुळे आधी निवडलेल्यांपैकी असूच शकत नाही. जुनी निवड शाबूत राहते आणि नवी तिच्यात येऊन मिळते. यार्निकांची रीत हेच करते. एका गावापासून सुरुवात करायची, जोडलेली गावे एका बाजूला आणि उरलेली दुसऱ्या बाजूला ठेवायची, आणि दर वेळी मधली सर्वांत लहान तार घ्यायची.

बोरूवकांची रीत जास्त धीट आहे. ती एकाच फेरीत प्रत्येक गावाला आपली सर्वांत लहान तार निवडायला लावते. आपल्या यादीत क आणि ग दोघे क–ग निवडतात, ख निवडतो क–ख, घ आणि च निवडतात घ–च, छ निवडतो च–छ. एका फेरीत चार तारा ठरल्या आणि दोन पुंजके उरले, नेमके नदीच्या दोन काठांवरचे. दुसऱ्या फेरीत पुंजक्यांमधली सर्वांत लहान तार ख–घ. एकूण ३ + ४ + २ + ५ + ६, म्हणजे २० किलोमीटर.

इतकी धिटाई परवडते, कारण बोरूवकांनी आधीच एक गृहीत धरले होते: सगळी अंतरे वेगवेगळी आहेत. तसे असले की वाटणी ओलांडणारी सर्वांत लहान तार एकच असते, अदलाबदलीत लांबी नक्की घटते, आणि म्हणून ती तार प्रत्येक किमान वृक्षात असावीच लागते. किमान वृक्षही एकच उरतो, आणि सगळ्या गावांनी एकदम केलेल्या निवडी त्याच एका वृक्षातल्या असतात.

समान अंतरे आली की मात्र सावध राहावे लागते. आपल्या यादीत ग–घ सुद्धा ६ किलोमीटर असती, तर ख–घ घेणारा आणि ग–घ घेणारा असे २० किलोमीटरचे दोन वेगळे किमान वृक्ष निघाले असते. दोन्ही तारांना हमी आहे, पण एकाच वृक्षात दोन्ही असण्याची नाही. तीन गावे एकमेकांपासून ५ किलोमीटरवर असतील आणि पहिल्याने दुसऱ्याकडची, दुसऱ्याने तिसऱ्याकडची, तिसऱ्याने पहिल्याकडची तार निवडली, तर तिन्ही निवडी आपापल्या जागी बरोबर असूनही वेढा तयार होतो. प्रोग्रॅम लिहिताना यावर उपाय करतात तो साधा आहे. तारांना क्रमांक द्यायचे आणि लांबी सारखी असली तर कमी क्रमांकाची तार लहान मानायची. तुलनेत बरोबरी उरत नाही आणि बोरूवकांचे गृहीतक परत मिळते.

हमीची एक मर्यादाही सांगायला हवी. तारा फक्त गावापासून गावापर्यंत जातात, असे इथे पक्के धरले आहे. एकमेकांपासून १० किलोमीटरवर असलेली तीन गावे घ्या. किमान वृक्ष २० किलोमीटरचा होतो. पण गावांच्या बरोबर मध्यावर माळावर एक खांब रोवायची मुभा दिली, तर त्या खांबापासून तिन्ही गावांपर्यंत मिळून सुमारे १७.३ किलोमीटर तारेत काम भागते. असे नवे बिंदू कुठे रोवायचे हा निराळा आणि फार कठीण प्रश्न आहे. तारांची यादीच आधी ठरलेली नसल्यामुळे तिथे ही अदलाबदल उपयोगी पडत नाही.