परीक्षा ‘दिली’ की ‘घेतली’?

आमच्या वस्तीतील एक मुलगी बी.कॉम. झाली आणि तिने एका खासगी कंपनीत नोकरीसाठी इंग्रजीतून अर्ज केला. अर्जाचा मसुदा तिने आम्हांला दाखवला होता. आम्हीही बी.कॉम., वीस वर्षे कारकुनी केलेली, शेकडो पत्रे टाईप केलेली. आम्ही दोन स्वल्पविराम घातले आणि “ठीक आहे पोरी, पाठव” म्हणून सांगितले.

मुलाखतीला एका साहेबांनी तिचा अर्ज पुढे धरून विचारले, “तुम्ही ही परीक्षा घेतली? म्हणजे तुम्ही प्राध्यापक होता का?” बाकीचे हसले. पोर गोंधळली, आणि पुढच्या सोप्या प्रश्नांनाही तिला नीट उत्तरे देता आली नाहीत. घरी येऊन ती आम्हांला म्हणाली, “काका, माझं काय चुकलं तेच मला कळलं नाही.” खरे सांगायचे तर तेव्हा आम्हांलाही कळले नव्हते.

अर्जात वाक्य होते, ‘आय गेव्ह द बी.कॉम. एक्झॅमिनेशन.’ मी बी.कॉम.ची परीक्षा दिली. व्याकरण बरोबर, स्पेलिंग बरोबर. मग बिघडले कुठे?

रविवारी विहारातील अभ्यासिकेत आम्ही दोघे इंग्रजीचा जाड शब्दकोश घेऊन बसलो. आमच्या घरी इंग्रजी-मराठी खिशातला कोश आहे. त्यात ‘एक्झॅमिनेशन’ म्हणजे ‘परीक्षा, तपासणी’ एवढेच दिले आहे. ते तर आम्हांला ठाऊकच होते. अभ्यासिकेतील जाड कोशात मात्र अर्थाखाली तिरप्या अक्षरांत नमुन्याची वाक्ये होती. त्यांत विद्यार्थी परीक्षेला ‘टेक’ किंवा ‘सिट’ हे क्रियापद लावत होते. एकही विद्यार्थी परीक्षा ‘गिव्ह’ करीत नव्हता.

आता गंमत पाहा. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि गुरुजी परीक्षा घेतात. इंग्रजीत नेमके उलटे. विद्यार्थी ‘टेक’ करतो, म्हणजे घेतो, आणि गुरुजी ‘गिव्ह’ करतात, म्हणजे देतात. आपण मराठी क्रियापद जसेच्या तसे इंग्रजीत नेले की विद्यार्थ्याचा परीक्षक होतो. आपल्या देशात असे इंग्रजी सर्रास बोलले जाते आणि सर्वांना समजतेही. पण बाहेरच्या रीतीचे इंग्रजी शिकलेला वाचक अडखळतो, आणि ज्याला नावच ठेवायचे आहे त्याला निमित्त मिळते.

शब्दांच्या या सोबतीला कारण विचारू नये. आपण फोटो ‘काढतो’, पैज ‘लावतो’, मार ‘खातो’, शपथ ‘घेतो’. कोणी परका ‘मी फोटो घेतला आणि शपथ केली’ म्हणाला, तर आपल्याला अर्थ कळेल, पण कानाला खटकेल. का खटकले, हे मात्र सांगता येणार नाही. कोणत्या नामाशेजारी कोणते क्रियापद बसते, ही त्या त्या भाषेची वहिवाट असते, आणि ती शब्दाच्या अर्थावरून ओळखता येत नाही.

म्हणूनच नमुन्याच्या वाक्यांचे मोल. ए. एस. हॉर्नबी हे इंग्रज शिक्षक जपानमध्ये इंग्रजी शिकवीत असत. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही, अशा विद्यार्थ्यांसाठी त्यांनी सहकाऱ्यांसह कोश तयार केला. तो 1942 साली जपानमध्ये निघाला, आणि 1948 साली ऑक्सफर्डने छापला. शब्द वाक्यात कसा वापरायचा, हे दाखवण्यावर त्याचा भर होता. पुढे 1987 साली जॉन सिंक्लेअर यांच्या देखरेखीखाली ‘कोबिल्ड’ कोश आला. त्यातील उदाहरणे छापील मजकुरांतून आणि प्रत्यक्ष बोलण्यातून घेतलेली होती.

‘मेक’ की ‘टेक’?

त्या दिवशी दुसरा शब्द काढला ‘डिसिजन’. आपण निर्णय ‘घेतो’, म्हणून आपल्या तोंडी ‘टेक अ डिसिजन’ येते. कोशात ‘डिसिजन’खाली दोन्ही सापडले, ‘मेक’ आणि ‘टेक’. मुलगी म्हणाली, “मग दोन्ही चालतात, संपलं!” आम्ही म्हटले, “थांब. निर्णय घेणारं कोण आहे ते बघ.”

‘मेक’ सगळीकडे होते. आईबाप, रुग्ण, खेळाडू, कोणीही ‘मेक अ डिसिजन’. ‘टेक’ हा ब्रिटिश वापर असल्याची खूण होती, आणि तो समिती, सरकार, मंडळ अशा ठिकाणी विचारविनिमयाने घेतलेल्या निर्णयांना अधिक शोभतो. अमेरिकेत जवळजवळ सर्वत्र ‘मेक’च. तेव्हा मंडळाच्या इतिवृत्तात ‘द डिसिजन वॉज टेकन’ लिहिले तर बिलकूल चूक नाही. पण कोण वाचणार हे ठाऊक नसेल, तर ‘मेक’ लिहावे. ते कोठेही खटकत नाही. निर्णयप्रक्रियेलाही ‘डिसिजन-मेकिंग’च म्हणतात. आणखी एक क्रियापद तेथे भेटले, ‘रीच’, म्हणजे पोहोचणे. बऱ्याच चर्चेनंतरचा निर्णय असेल तर ते येते. आपणही ‘निर्णयाप्रत आलो’ म्हणतोच की!

तिसरा शब्द ‘मिस्टेक’. मराठीत चूक ‘करतो’, म्हणून आपण ‘डू अ मिस्टेक’ लिहितो. कोशात प्रत्येक वेळी ‘मेक’. आपले एक ‘करणे’ इंग्रजीत दोन वाटांनी जाते. तक्रार, प्रयत्न, प्रगती यांना ‘मेक’. गृहपाठ, व्यायाम, कर्तव्य यांना ‘डू’. चौथा शब्द ‘अटेन्शन’. आपण लक्ष ‘देतो’, इंग्रजीत बहुधा ‘पे’ करतात, जणू पैसे मोजतात. हे वाचून आमच्या जुन्या पत्रांतील किती वाक्ये आम्हांला आठवली, ते सांगत नाही.

कसे शोधावे?

कोशात क्रियापद शोधू नये, नाम शोधावे. ‘टेक’ किंवा ‘मेक’ उघडाल तर पानेच्या पाने अर्थ निघतील आणि जीव मेटाकुटीस येईल. ‘डिसिजन’ उघडा, त्याची सोबती क्रियापदे पाच-दहा ओळींत दिसतील. मग वाक्यात तीन गोष्टी पाहाव्यात. नामाआधी क्रियापद कोणते, ती क्रिया करणारा कोण, आणि नामानंतर कोणता छोटा शब्द येतो. क्रिया करणारा पाहिला नाही, तर परीक्षेचा घोटाळा कधीच उलगडणार नाही.

एका वाक्यावर मात्र भरवसा ठेवू नये. कोशकाराने जागेअभावी एखादीच जोडी दिलेली असते. जी दिसली नाही ती चूकच, असे धरू नये. दुसरा कोश पाहावा. दोन-तीन ठिकाणी तीच जोडी दिसली, तर ती पक्की समजावी. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लाँगमन यांचे विद्यार्थ्यांसाठीचे कोश आता मोबाईलवरही फुकट पाहता येतात, आणि त्यांत नमुन्याची वाक्ये असतात.

मुलीने शंभर पानी वही केली आहे. दर पानावर एक नाम, खाली सोबतीची क्रियापदे, आणि कोशात पाहिलेल्या नमुन्यावरून तिने स्वतः केलेले एक वाक्य. पहिल्या पानावर तिने आपल्या अर्जातील तेच वाक्य दुरुस्त करून लिहिले, ‘आय टुक द बी.कॉम. एक्झॅमिनेशन.’ नवा अर्ज परवा टपालात पडला. या वेळी तो पाठवण्यापूर्वी आम्ही स्वल्पविराम नंतर पाहिले. आधी त्यातील प्रत्येक नाम कोशात काढून, त्याच्या शेजारचे क्रियापद तपासले.