वाद घालता येईल असा प्रश्न
अचेबेच्या एका कादंबरीवरचे तीन प्रश्न आणि चांगल्या उत्तरांची ओळख

नेमलेल्या कादंबरीवर परीक्षेत येणारे प्रश्न बहुतेक तीन साच्यांतले असतात. नायकाचं व्यक्तिचित्रण करा, कादंबरीच्या शीर्षकाची समर्पकता स्पष्ट करा, अमुक कादंबरीतील तमुक संघर्षाची सोदाहरण चर्चा करा. तिन्ही साच्यांत एकच उणीव आहे. उत्तर काय यायचं हे प्रश्नातच ठरलेलं असतं. शीर्षक समर्पक आहे हे गृहीत धरलेलं आहे, ते किती समर्पक एवढंच लिहायचं. मग विद्यार्थी गाईड उघडतो, सहा मुद्दे पाठ करतो आणि तपासनीस त्या सहा मुद्द्यांसमोर खुणा करत जातो. या सगळ्यात कादंबरी वाचायची गरज कोणालाच पडत नाही.

वाद घालायला लावणारा प्रश्न वेगळा कसा असतो, हे एखादी कादंबरी समोर ठेवूनच दाखवता येतं. त्यासाठी मी चिनुआ अचेबे यांची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ निवडली आहे. १९५८ साली लंडनच्या हाइनमन या प्रकाशनसंस्थेने ती काढली. आपल्याकडच्या अनेक विद्यापीठांत इंग्रजीच्या विद्यार्थ्यांना ती नेमलेली असते आणि अमेरिकेतल्या शाळांतही ती वर्षानुवर्षं शिकवली जाते. नायजेरियातल्या इग्बो लोकांचं उमुओफिया हे गाव, तिथला ओकोन्क्वो हा नामांकित कुस्तीगीर आणि शेतकरी, आणि गोऱ्या मिशनऱ्यांच्या व सरकारच्या आगमनानंतर त्याचा झालेला शेवट, एवढं कथानक. पंचवीस प्रकरणांची ही कादंबरी भाषेने सोपी आहे, पण तिच्यातल्या जवळजवळ प्रत्येक घटनेला दोन बाजू ठेवलेल्या आहेत.

पहिला प्रश्न: आज्ञापालन की उल्लंघन?

सातव्या प्रकरणात इकेमेफुनाची हत्या होते. शेजारच्या गावाने नुकसानभरपाई म्हणून दिलेला हा मुलगा तीन वर्षं ओकोन्क्वोच्या घरात वाढलेला आहे आणि त्याला वडील म्हणू लागला आहे. या प्रसंगावरचा नेहमीचा प्रश्न असतो, ‘इकेमेफुनाच्या हत्येचे महत्त्व सांगा.’ तो असा बदलून पाहा: ‘इकेमेफुनाला मारताना ओकोन्क्वो आपल्या समाजाची आज्ञा पाळतो की मोडतो?’

आता दोन्ही बाजूंना पुरावा आहे. मुलाला मारावं हा कौल डोंगर आणि गुहांच्या देवाचा आहे. ओकोन्क्वो एकटा जात नाही, गावातली माणसं मिळून मुलाला रानात नेतात. म्हणजे ही आज्ञाच झाली. पण त्याआधी एझेउदू हा गावातला मानाचा म्हातारा मुद्दाम घरी येऊन बजावतो की हा पोरगा तुला बाप म्हणतो, त्याच्या मृत्यूत तू हात घालू नकोस. मुलाने मरावं हा एक निर्णय आणि त्याला कोणी मारावं हा दुसरा. या दोन्हींतली फट ज्याला दिसली, त्याचं उत्तर इथेच इतरांच्या पुढे जातं.

पुढे प्रसंग जवळून वाचावा लागतो. पहिला घाव ओकोन्क्वो घालत नाही. दुसऱ्याने कोयता उगारताच तो तोंड फिरवतो, घाव त्याला फक्त ऐकू येतो. मुलाच्या डोक्यावरचं ताडीचं मडकं वाळूत पडून फुटतं. मुलगा बापाला हाक मारत त्याच्याकडे धावतो, आणि त्या क्षणी ओकोन्क्वो कोयता काढून त्याला कापतो. कारण लेखकाने लगेच दिलं आहे: आपण दुबळे ठरू याची त्याला भीती वाटली. ज्या उत्तरात ‘ओकोन्क्वो क्रूर आहे’ एवढाच निकाल येतो, ते उत्तर या ओळींपर्यंत पोहोचलेलंच नसतं. क्रूर माणूस आधी तोंड फिरवत नाही. त्यानंतर दोन दिवस तो अन्नाला शिवत नाही, हेही त्या उत्तरात कुठे बसत नाही.

सर्वांत कसोटीची जागा आठव्या प्रकरणात आहे. ओकोन्क्वोचा मित्र ओबिएरिका या कामाला गेलेला नव्हता. ओकोन्क्वो त्याला सुनावतो की तिच्याच दूताची आज्ञा पाळल्याबद्दल धरणी मला शिक्षा कशी करील? ओबिएरिकाचं उत्तर बारकाईने वाचण्यासारखं आहे. कौल खोटा होता असं तो म्हणत नाही. माझ्या मुलाबद्दल असा कौल आला असता तर मी त्याला विरोध केला नसता, पण तो पार पाडणाराही मी झालो नसतो, अशी त्याची भूमिका आहे. म्हणजे या समाजात आज्ञा मानूनही हात मागे घेण्याची वाट होती आणि एक प्रतिष्ठित माणूस त्या वाटेने गेला. ‘समाजाने भाग पाडलं’ असं लिहिणाऱ्याला या ओबिएरिकाला सामोरं जावं लागतं. उलट ‘ओकोन्क्वोने समाजाची मर्यादा ओलांडली’ असं लिहिणाऱ्याला हे सांगावं लागतं की ज्या मर्दुमकीपायी त्याने घाव घातला, त्याच मर्दुमकीवर उमुओफियाने त्याला मान दिला होता.

उत्तराचं एका वाक्यात सार मांडायचं तर ते असं काहीसं होईल: ओकोन्क्वो समाजाची आज्ञा पाळतो, पण समाजाने ज्या ठिकाणी थांबायची मुभा दिली होती तिथे तो थांबू शकत नाही, कारण बाप उनोकासारखे आपण दुबळे ठरू ही भीती त्याला आज्ञेपेक्षा मोठी वाटते. या वाक्याशी असहमत होता येतं, आणि म्हणूनच ते विधान आहे. ‘या कादंबरीत इकेमेफुनाच्या हत्येला फार महत्त्व आहे’ याच्याशी कोणी असहमत होऊच शकत नाही, त्यामुळे ती नुसती नोंद ठरते.

या प्रश्नावर एक चूक हमखास येते. तेराव्या प्रकरणात एझेउदूच्याच अंत्यविधीत ओकोन्क्वोची बंदूक फुटते, एझेउदूचा सोळा वर्षांचा मुलगा मरतो आणि ओकोन्क्वोला सात वर्षांचा वनवास मिळतो. विद्यार्थी लिहितात की इकेमेफुनाला मारल्याची ही शिक्षा. कादंबरीत असं वाक्य नाही. ज्याने इशारा दिला त्याच्याच अंत्यविधीत हा अपघात घडवून लेखकाने दोन घटना शेजारी ठेवल्या आहेत, कारण मात्र सांगितलेलं नाही. उलट प्रकरणाच्या अखेरीस ओबिएरिकाला प्रश्न पडतो की नकळत घडलेल्या अपराधासाठी माणसाने इतकं का भोगावं. चांगलं उत्तर ‘लेखक सुचवतो’ आणि ‘लेखक सांगतो’ यांतलं अंतर राखतं.

दुसरा प्रश्न: बाहेरून की आतून?

‘वसाहतवादाने इग्बो समाज कसा उद्ध्वस्त केला?’ या प्रश्नात निकाल आधीच लागलेला आहे. त्याऐवजी विचारावं: ‘उमुओफिया बाहेरून मोडलं की आतून? तुमच्या मताविरुद्ध जाणारा सर्वांत भक्कम प्रसंग घेऊन उत्तर द्या.’ दुसरं वाक्य महत्त्वाचं आहे. विरोधी पुराव्याची मागणी प्रश्नातच असली की विद्यार्थ्याला त्याला बगल देता येत नाही.

‘आतून’ म्हणणाऱ्याकडे मिशनमध्ये कोण गेलं याची यादी आहे. जुळी मुलं जन्मताच रानात टाकायची चाल होती. न्नेका नावाची बाई चार वेळा जुळ्यांना मुकल्यावर पुन्हा गरोदर असताना ख्रिस्ती होते. गावाने अस्पृश्य ठेवलेले ओसू चर्चमध्ये जातात. ओकोन्क्वोचा थोरला मुलगा न्वोये जातो, पण त्याला धर्माचे सिद्धान्त कळलेले नसतात. रानात रडणारी जुळी आणि मारलेला इकेमेफुना यांबद्दल मनात साचलेल्या प्रश्नाला मिशनऱ्यांच्या भजनाच्या सुरांत उत्तर सापडल्यासारखं त्याला वाटतं. ‘बाहेरून’ म्हणणाऱ्याकडे आबामे गाव आहे: एका गोऱ्या माणसाला मारल्याबद्दल बाजाराच्या दिवशी तिथली माणसं गोळ्या घालून मारली गेली. नंतरचं कोर्ट, तुरुंग आणि गावच्या पुढाऱ्यांना चर्चेला बोलावून घातलेल्या बेड्याही आहेत.

साधारण उत्तर शेवटी ‘दोन्ही कारणं तितकीच खरी’ असं म्हणून सुटका करून घेतं. जोरकस उत्तर दोन्ही कारणांचा क्रम आणि संबंध लावतं. उदाहरणार्थ, नाराज माणसं आधीही होती, पण जायला जागा नव्हती. मिशनने ती जागा दिली आणि कोर्टाने त्या जागेला संरक्षण दिलं. मग भाऊच विरुद्ध बाजूला असल्यामुळे गावाला एकजुटीने लढता आलं नाही. हे उत्तर बरोबर की चूक, यावर वर्गात तासभर बोलता येतं.

तिसरा प्रश्न: दृष्टी कोणाची?

‘कादंबरीतील स्त्रीचित्रण’ हा विषय उदाहरणांच्या याद्यांना आमंत्रण देतो. तो असा विचारावा: ‘कादंबरीत स्त्रियांना मिळालेलं दुय्यम स्थान ही ओकोन्क्वोची दृष्टी आहे की कादंबरीची?’ ओकोन्क्वो शांतीच्या सप्ताहात बायकोला मारतो तेव्हा पुजारी येऊन त्याला दंड करतो. त्याच डोंगर-गुहांच्या देवाची पुजारीण चिएलो रात्री त्याची लाडकी लेक उचलून नेते आणि त्याला तिला अडवता येत नाही. वनवासात मामा उचेंदू त्याला आईच्या कुळाचा आधार का मोठा असतो ते समजावतो. म्हणजे कादंबरी ओकोन्क्वोपेक्षा जास्त पाहते. पण याच कादंबरीत त्याच्या पहिल्या बायकोला नाव नाही, ती कायम ‘न्वोयेची आई’ आहे. हा तपशील ज्याने टिपला, त्याने पुस्तक खरोखर वाचलं आहे हे तपासनीसाला वेगळं सांगावं लागत नाही.

तपासताना

अमेरिकेतल्या ‘एपी’ इंग्रजी साहित्य परीक्षेत अशा निबंधाला सहा गुण असतात. त्यातला एक समर्थन करता येईल अशा विधानाला, चार पुरावा आणि त्यावरच्या विवेचनाला, आणि एक विचारातल्या गुंतागुंतीला. आपली गुणपद्धत वेगळी असली तरी या वाटणीतून एक गोष्ट घेण्यासारखी आहे: सर्वाधिक गुण पुरावा आणि विवेचनाला आहेत. विधान कोणत्या बाजूचं आहे याला गुण नाहीत. प्रश्नपत्रिकेसोबत तपासनीसांना दिल्या जाणाऱ्या अपेक्षित मुद्द्यांत हीच अडचण असते. त्यांत एकाच बाजूचे मुद्दे दिले, तर मोकळा प्रश्नही बंद होतो, कारण दुसऱ्या बाजूने नेटकं लिहिणाऱ्याचे गुण जातात. त्यामुळे अपेक्षित मुद्द्यांऐवजी तिथे अपेक्षित प्रसंग लिहावेत. इकेमेफुनाच्या प्रश्नावर एझेउदूचा इशारा, पहिला घाव, भीतीचं वाक्य आणि ओबिएरिकाची भूमिका हे चार प्रसंग. यांतले निदान तीन वापरून, त्यांपैकी एक स्वतःच्या मताला अडचणीचा असूनही, ज्याने आपलं मत उभं केलं त्याला वरचे गुण द्यावेत, मग ते मत कोणतंही असो.

प्रश्न काढणाऱ्याने तो छापायला देण्याआधी दोन्ही बाजूंची पाच-पाच ओळींची उत्तरं स्वतः लिहून पाहावीत. एक बाजू दोन ओळींतच संपली, तर प्रश्न अजून एकतर्फी आहे. दोन्ही बाजू लिहिताना पुस्तक न उघडता काम भागलं, तर तो प्रश्न कादंबरीवरचा नसून सामान्य मतांवरचा आहे. दोन्ही वेळा पुस्तक उघडावं लागलं, पानं मागेपुढे चाळावी लागली आणि आपलंच मत थोडं हललं, तर तो प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवण्याच्या लायकीचा झाला.