पंख्याच्या मोटरीतला मिक्सर

छताचा साधा पंखा पूर्ण वेगाला साधारण ७५ वॅट वीज घेतो. आयआयटी मुंबईत शिकलेल्या दोन अभियंत्यांनी उभ्या केलेल्या ॲटमबर्ग कंपनीचा पंखा २८ वॅटवर चालतो, कारण त्यात बीएलडीसी मोटर आहे. पुढे याच कंपनीने मिक्सर आणि दाराचं स्मार्ट कुलूपही बाजारात आणलं. यातली कोणती उडी तिच्या मूळ कौशल्याच्या जोरावर होती?

हे तपासायला सी. के. प्रहलाद आणि गॅरी हॅमेल यांनी १९९०मध्ये तीन प्रश्न मांडले. या कौशल्यातून वेगवेगळ्या बाजारपेठांची दारं उघडतात का? ग्राहकाला जाणवणाऱ्या फायद्यात त्याचा मोठा वाटा आहे का? आणि प्रतिस्पर्ध्याला ते उचलणं अवघड आहे का?

गाडी अडते ती बहुधा तिसऱ्या प्रश्नावर. ‘आमचं कौशल्य म्हणजे बीएलडीसी मोटर’ असं कुणी म्हटलं, तर ते उत्तर पुरत नाही. तसे पंखे आज हॅवेल्स, क्रॉम्प्टन, ओरिएंट सगळेच विकतात. म्हणून वस्तूचं नाव न लिहिता नेमकं काय जमतं ते लिहावं: मोटर, तिला चालवणारं सर्किट आणि त्यातलं सॉफ्टवेअर एकत्र आखून, विजेचे चढउतार सोसणारी यंत्रणा स्वस्तात बनवणं. सुटा भाग विकत मिळतो. त्यांचा असा मेळ बसवायला बरीच वर्षं बिघाड तपासावे लागतात.

आता हे वाक्य मिक्सरला लावून पाहू. नेहमीच्या मिक्सरच्या मोटरीत कार्बन ब्रश असतात, ते झिजतात. बीएलडीसीत ते नसतातच, शिवाय वेग कमी ठेवूनही जोर टिकवता येतो, म्हणजे चटणी भरड वाटता येते. पण पंखा मिनिटाला काही शेच फेरे घेतो, मिक्सर हजारो. ताकदही कितीतरी जास्त लागते. म्हणजे मोटर जशीच्या तशी उचलता येत नाही. कामी येतं ते मोटर आणि सर्किट मिळून आखण्याचं ज्ञान. पाती आणि भांडं मात्र नव्याने शिकावं लागतं, आणि गृहिणी मिक्सरची पारख करते ती बरीचशी त्यावरच.

कुलपाचं नातं मला सैल वाटतं. त्यात मोटर छोटी, तीही क्षणभर फिरणारी. इथे सर्किट-सॉफ्टवेअरचा अनुभव उपयोगी पडेल, पण ग्राहक पैसे मोजतो ते सुरक्षेसाठी, आणि ते कसब वेगळं.

गिझर घेतला तर फरक आणखी स्पष्ट दिसतो. पंखे विकणारा दुकानदार तो आनंदाने ठेवेल. पण विक्रीचं जाळं ही मालमत्ता झाली, कौशल्य नव्हे. गिझरची कॉइल मिळालेली जवळजवळ सगळी वीज उष्णतेतच बदलते, त्यामुळे मोटरवाल्याला तिथे वाचवायला फारसं काही उरत नाही. पाण्याचा पंप किंवा एक्झॉस्ट पंखा त्यापेक्षा कितीतरी जवळचा.