सात मिनिटं आणि एक बेवारस छत्री

‘माननीय महोदय, मला लहानपणापासून चित्रकलेची आवड आहे.’

अ‍ॅनिमेशनच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलगी आपल्याच शहरातल्या निर्मितीसंस्थेला पहिला मेल लिहायला बसली, की पहिली ओळ बहुतेक अशीच येते. पुढे कॉलेजचं नाव, येत असलेल्या सॉफ्टवेअरची यादी, आजची मुलं मोबाइलमध्ये कशी अडकली आहेत याबद्दलची हळहळ, आणि मग कुठेतरी चौथ्या परिच्छेदात मालिकेचा विषय. तोवर वाचणाऱ्याचा चहा संपलेला असतो आणि मेलही बंद झालेला असतो.

असा एक नमुना समोर ठेवू. मेल काल्पनिक आहे, पण त्यातल्या चुका फार ओळखीच्या आहेत. मुलीला सुचलेली मालिका मात्र खरोखर गोड आहे. एसटी स्टँडवर एका आजीची चहाची टपरी आहे. सात वर्षांची नात चिंगी शाळा सुटली की तिथेच असते. सोबत टायर नावाचा कुत्रा, जो कायम उभ्या गाडीखाली झोपतो. प्रवासी टपरीवर काहीबाही विसरून जातात. छत्री, डबा, चष्मा, कधी नुसतीच एक चप्पल. ती वस्तू कोणाची हे चिंगी आणि टायर शोधून काढतात आणि गाडी सुटायच्या आत परत देतात.

पहिल्या खर्ड्यात मुलीने यातलं जवळजवळ काहीच लिहिलं नव्हतं. तिने पहिल्या भागाची संपूर्ण गोष्ट लिहिली होती. त्यात चिंगीचे बाबा मुंबईला असतात, त्यांची आठवण, आजीचं आजारपण, पावसात सापडलेली छत्री आणि शेवटी रडू. वाचताना डोळ्यांत पाणी येईल अशी. अडचण एवढीच, की ती एकदाच सांगता येते. निर्मातीला सव्वीस वेळा सांगता येईल असं काहीतरी हवं असतं. गोष्ट आणि मालिका यांतला फरक इथे आहे, आणि विद्यार्थ्यांचे बहुतेक मेल याच ठिकाणी घसरतात.

वैभव कुमरेश यांच्या मुंबईच्या स्टुडिओची ‘लॅम्पुट’ ही मालिका पाहिली तर हे चटकन कळतं. प्रयोगशाळेतून निसटलेला एक नारिंगी गोळा कोणताही आकार घेऊ शकतो आणि दोन डॉक्टर त्याच्या मागे लागलेले असतात. मालिका एवढीच. कोणी एक शब्दही बोलत नाही. सुरुवातीला तर तिचे तुकडे अवघे पंधरा सेकंदांचे होते, मोठे भाग नंतर आले, आणि आंतरराष्ट्रीय एमी किड्सच्या नामांकनापर्यंत ती पोचली. पाठलाग तोच, जागा नवी, आकार नवा, की भाग तयार. ‘कृष, ट्रिश अँड बाल्टीबॉय’ या मुंबईच्याच ग्राफिटी स्टुडिओच्या मालिकेत गोष्ट सांगणारे तिघे कायम तेच आणि गोष्टी मात्र वेगवेगळ्या प्रांतांतल्या लोककथा, त्या त्या भागातल्या लोककलेच्या शैलीत काढलेल्या. दोन्हीकडे काय बदलतं आणि काय बदलत नाही हे एका दमात सांगता येतं.

मुलीने मेल पुन्हा लिहिला. विषयाच्या जागी ‘मालिकेबाबत विनंती’ होतं, ते काढून ‘हरवलं-सापडलं : ४ ते ७ वयोगट, ७ मिनिटांचे २६ भाग, अ‍ॅनिमेटिक सोबत’ असं टाकलं. आणि मजकुराची सुरुवात अशी केली:

‘नमस्कार मॅडम, एसटी स्टँडवरच्या आजीच्या टपरीवर रोज कोणीतरी काहीतरी विसरतं. सात वर्षांची चिंगी आणि तिचा न बोलणारा कुत्रा टायर, गाडी सुटायच्या आत त्या वस्तूचा मालक शोधतात. प्रत्येक भागात वस्तू एक आणि मालक एक. वस्तूकडे नीट पाहिलं की मालक कसा असेल ते कळतं: छत्रीच्या दांड्यावर चुन्याचे डाग असतील तर छत्री रंगाऱ्याची.’

शेवटचं वाक्य सगळ्यांत कामाचं. त्यातून मुलं काय करणार हे कळतं: तीही चिंगीबरोबर छत्रीकडे पाहून तर्क लढवणार. ‘निरीक्षणशक्ती वाढवणारी मूल्याधिष्ठित मालिका’ असं लिहिलं असतं तर काहीच दिसलं नसतं.

आता निर्मातीच्या बाजूने पाहू. छोट्या शहरातली संस्था जाहिराती, माहितीपट, एखादा सिनेमा अशी कामं करते. तिच्याकडे अ‍ॅनिमेटर असले तर तीन-चार. मेल वाचताना तिच्या डोक्यात एक गणित आपोआप सुरू होतं. सात मिनिटं म्हणजे ४२० सेकंद. आपल्याकडे दूरचित्रवाणीसाठी सेकंदाला २५ चौकटी, म्हणजे एका भागात १०,५००. दर दोन चौकटींना एक चित्र धरलं तरी ५,२५०. एवढी चित्रं हाताने काढणं तिच्या आवाक्याबाहेर आहे, म्हणून पात्राचे हात, पाय, डोकं सुटे करून कळसूत्री बाहुलीसारखे संगणकावर हलवायचे. त्या पद्धतीने एका माणसाने दिवसाला पाच सेकंद पुरे केले असं धरू. मग एका भागाला ८४ दिवस लागतात आणि चौघांना २१. सव्वीस भागांना चौघांचे ५४६ कामाचे दिवस, म्हणजे महिन्याला पंचवीस दिवस धरले तर जवळजवळ बावीस महिने. यात लेखन, आवाज, पार्श्वभूमी, संगीत काहीच आलेलं नाही.

हे गणित मनात ठेवून मुलीच्या पहिल्या खर्ड्यातलं पहिलंच दृश्य वाचावं: ‘धो धो पाऊस. स्टँड गर्दीने फुललेला. शेकडो प्रवासी छत्र्या सावरत गाड्यांमागे धावतात.’ लिहायला तीन ओळी, काढायला तीन आठवडे. प्रत्येक माणूस वेगळा, प्रत्येकाची चाल वेगळी, छत्री वेगळी, शिवाय पाऊस. अनुभवी निर्माती इथेच थांबते. ‘हिने अजून काही बनवलेलं नाही,’ एवढं तिला या तीन ओळींतून समजतं.

पण स्टँड म्हटला की गर्दी हवीच. ती नसेल तर तो स्टँड कसला? मुलीने काढलेला तोड फार सुंदर आहे. तिने कॅमेरा टायरच्या उंचीवर आणला. कुत्र्याला माणसं गुडघ्यापर्यंतच दिसतात. त्यामुळे गर्दी म्हणजे पायांची ये-जा: कोल्हापुरी, स्लीपर, शाळेचे बूट, नऊवारीचा काठ, काठी टेकत जाणारी एक जोडी. चालण्याची सात-आठ आवर्तनं एकदा तयार केली की रंग आणि वेग बदलून ती सव्वीस भागांत फिरवता येतात. चेहरे नाहीत, म्हणून ओठ जुळवायचे नाहीत. ‘टॉम अँड जेरी’तही घरातली मोठी माणसं पुष्कळदा पायांपुरतीच दिसतात, आणि मुलांची त्याबद्दल कधी तक्रार ऐकलेली नाही. इथे तर काटकसरीतून गोष्टीलाही फायदा झाला: मालक शोधायचा तो पायांवरून, चपलेवरून. मेलमध्ये तिने एवढंच लिहिलं: ‘कॅमेरा कायम कुत्र्याच्या उंचीवर. गर्दी फक्त पायांची. कायमच्या पार्श्वभूमी चार: टपरी, फलाट, चौकशीची खिडकी, गाडीखालची जागा.’ पैशांचा शब्दही न काढता खर्चाचं भान दाखवणाऱ्या या तीन छोट्या वाक्यांवर निर्माती नक्की रेंगाळेल.

सोबत काय जोडायचं, यावर कॉलेजात बराच खल होतो. पूर्ण रंगवलेला सात मिनिटांचा भाग करायच्या नादात वर्ष जातं. त्यापेक्षा अ‍ॅनिमेटिक बरं. कच्ची चित्रं वेळेप्रमाणे एकामागून एक लावायची, खाली स्वतःच्या आवाजात संवाद, बस्स. विनोद कुठे पडतो, शोध कुठे कंटाळवाणा होतो, हे कच्च्या चित्रांतही लख्ख कळतं. मुलीने छत्रीच्या भागातली दीड मिनिटं अशी केली आणि पायांच्या गर्दीचे दहा सेकंद तेवढे पूर्ण रंगात, म्हणजे अंतिम रूप कसं असेल ते कळावं. जीमेलला २५ एमबीची मर्यादा असते, त्यामुळे व्हिडिओची फाइल न जोडता दुवा द्यायचा आणि तो दुसऱ्याच्या फोनवर उघडून पाहायचा. स्वतःच्या लॅपटॉपवर तो नेहमीच उघडतो. समोरच्याला मात्र ‘परवानगी मागा’ अशी पाटी दिसते, आणि कामाच्या गडबडीत परवानगी मागत कोणी बसत नाही.

पाठवायचं बटण दाबण्यापूर्वी एक धाकधूक सगळ्यांनाच असते. कल्पना चोरली तर?

भीती बिनबुडाची नाही. पण कायदा काय राखतो हे नीट पाहायला हवं. आर. जी. आनंद या नाटककाराने आपलं ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक चित्रपट दिग्दर्शक मोहन सेहगल यांना ऐकवलं होतं. नंतर ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट आला आणि आनंद यांना त्यात आपलं नाटक दिसलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९७८ मध्ये आनंद हरले. नुसत्या कल्पनेवर कोणाची मालकी नसते, ती ज्या रूपात मांडली त्या रूपावर असते, असं न्यायालयाने सांगितलं.

पंचवीस वर्षांनी मुंबई उच्च न्यायालयात दुसरं प्रकरण आलं. सनडायल कम्युनिकेशन्सने बाळकृष्ण आजच्या काळातल्या एका कुटुंबात येतो अशी मालिकेची कल्पना झी टेलिफिल्म्सपुढे मांडली होती. ते जमलं नाही. पुढे त्याच धर्तीची ‘कन्हैया’ ही मालिका झीकडून आली. २००३ मध्ये न्यायालयाने सनडायलच्या बाजूने मनाई हुकूम कायम ठेवला. तपशिलात फुलवलेली आणि विश्वासाने सांगितलेली संकल्पना अशी वापरता येत नाही, हा त्याचा आधार.

दोन्ही निकाल शेजारी ठेवले की मेल कसा लिहायचा हे आपोआप ठरतं. ‘हरवलेल्या वस्तू परत करणारी मुलगी’ एवढंच लिहिलं तर हातात काही नाही. चिंगी, टायर, त्यांची चित्रं, सहा भागांचे आराखडे, पायांची गर्दी असं सगळं कागदावर असेल, मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे किंवा कॉपीराइट कार्यालयात नोंदवलेलं असेल आणि मेलमध्ये ‘हा प्रस्ताव केवळ आपल्या विचारार्थ, विश्वासाने पाठवत आहे’ अशी ओळ असेल, तर पाया बराच पक्का. याउलट मेलच्या आरंभीच गोपनीयतेचा करार सही करून मागणारे विद्यार्थीही असतात. त्यांना उत्तर क्वचितच येतं, कारण न वाचलेल्या गोष्टीसाठी वकिलाचा खर्च कोण करील? खरी सावधगिरी होकार आल्यावर लागते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क लेखी आणि सहीनेच दुसऱ्याला देता येतात, आणि करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. म्हणून करारातली मुदतीची ओळ आधी शोधायची. पहिल्या चेकच्या आनंदात नेमकी तीच नजरेतून सुटते.

मेल मंगळवारी सकाळी गेला. पंधरा दिवस काहीच आलं नाही, आणि यात विशेष काही नाही. ‘मेल मिळाला का?’ एवढंच विचारणारी आठवण बहुतेक जण पाठवतात. मुलीने तिसऱ्या आठवड्यात दोन ओळी लिहिल्या आणि एक नवा तुकडा जोडला. बारा सेकंदांचा. गाडीखालून टायरला दिसणारा फलाट, पायांची वर्दळ ओसरत जाते, आणि मागे फक्त एक चप्पल उरते, डाव्या पायाची.