ड्यूसनंतर एकच पॉइंट

कोर्ट तासभरच मिळणार असलं की डबल्स खेळणारे चौघे आधीच ठरवतात: नो-अ‍ॅड खेळायचं आणि सेट १-१ झाले तर तिसऱ्या सेटऐवजी दहा पॉइंटांचा मॅच टायब्रेक. ही हौशी मंडळींनी काढलेली पळवाट आहे, असा समज आहे. प्रत्यक्षात एटीपी दौऱ्यावरचे डबल्स सामने २००६पासून याच पद्धतीने होतात. २०२२ साली पुण्यात बालेवाडीला रोहन बोपण्णा आणि रामकुमार रामनाथन यांनी जिंकलेली अंतिम लढतही मॅच टायब्रेकवर, १०-६ अशी संपली होती.

सर्वाधिक वाद होतो तो ४०-४० वर. सर्व्ह करणारा सवयीने उजवीकडे जाऊन उभा राहतो आणि बाजू आपणच ठरवायची असं धरून चालतो. तो हक्क रिसीव्ह करणाऱ्या जोडीचा आहे. मात्र त्या जोडीतल्या दोघांना आपल्या जागांची अदलाबदल करता येत नाही. त्यामुळे बाजू निवडणं म्हणजे निर्णायक सर्व्ह कोण परतवणार हे निवडणं. मिक्स्ड डबल्समध्ये ही निवडही उरत नाही: पुरुष सर्व्ह करत असेल तर पुरुषाने, स्त्री करत असेल तर स्त्रीने रिसीव्ह करायचं.

एका पॉइंटवर गेम म्हणजे निव्वळ नाणेफेक, असंही ऐकू येतं. समजा, सर्व्ह करणारी जोडी शंभरातले साठ पॉइंट जिंकते. जुन्या पद्धतीत ड्यूसवरून ती गेम जिंकण्याची शक्यता सुमारे ६९ टक्के येते, नो-अ‍ॅडमध्ये ६० टक्के. तिचं पारडं जड राहतं, पण आधीइतकं नाही. म्हणून त्या पॉइंटला पहिली सर्व्ह जपून, पण आत टाकलेली बरी.

नो-अ‍ॅड फक्त गेमपुरतं असतं. मॅच टायब्रेकमध्ये ९-९ झाले की पुढचा पॉइंट निर्णायक, हे चूक. तिथे दोन पॉइंटांची आघाडी लागतेच, मग स्कोअर १४-१२ पर्यंत का जाईना.

टायब्रेकची पहिली सर्व्ह कोणाची, यासाठी पुन्हा टॉस करायची गरज नाही. सर्व्हचा क्रम पुढे चालू राहतो. दुसरा सेट ६-३ असा संपला तर नऊ गेम झाले. पहिला गेम ज्यांनी सर्व्ह केला त्यांनीच नववाही केला. आता पाळी दुसऱ्या जोडीची. त्या दोघांपैकी कोणी सुरुवात करायची, हे मात्र नव्या सेटसारखं त्यांनी ठरवावं. पहिला सर्व्हर उजवीकडून एकच पॉइंट खेळतो. त्यानंतर प्रत्येकाला दोन-दोन, आणि त्यांतला पहिला डावीकडून. दर सहा पॉइंटांनी बाजू बदलायच्या. सर्व्ह कुठून करायची हे विसरला असाल तर पॉइंटांची बेरीज करा: बेरीज सम असेल तर पुढची सर्व्ह उजवीकडून, विषम असेल तर डावीकडून.