दोन वर्षे पगार नसेल, तर किती पैसे लागतील?

नोकरी सोडून दोन वर्षे पूर्णवेळ शिकायचे ठरवले की बहुतेक जण शुल्कात 24 महिन्यांचा खर्च मिळवतात आणि त्या रकमेला लक्ष्य मानतात. हा हिशेब अपुरा का पडतो, ते एका काल्पनिक उदाहरणातून पाहू.

पुण्यात भाड्याने राहणाऱ्या 28 वर्षांच्या तरुणीच्या हातात महिन्याला 60 हजार रुपये येतात. भाडे, जेवण, प्रवास धरून खर्च 25 हजार. तिला चार वर्षांनी पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे आहे. आज त्याचे एकूण शुल्क 4 लाख रुपये आहे. म्हणजे सरळ हिशेबाने 10 लाख पुरावेत.

चूक कुठे होते?

महागाई वर्षाला 6 टक्के धरली, तर चार वर्षांनी महिन्याचा खर्च साडेएकतीस हजारांवर आणि शुल्क 5 लाखांवर जाते. 10 लाखांतून शुल्क वजा केल्यावर उरलेली रक्कम सोळाव्या महिन्यातच संपते. शिवाय पदवी मिळाल्यावर लगेच नोकरी लागेलच असे नाही. त्यासाठी सहा महिने धरले, तर 30 महिन्यांचा खर्च आणि शुल्क मिळून सुमारे साडेचौदा लाख लागतात.

दरमहा किती?

6 टक्के व्याज गृहीत धरल्यास चार वर्षे दरमहा सुमारे 27 हजार बाजूला काढावे लागतील. ते झेपत नसेल, तर शुल्कासाठी शैक्षणिक कर्ज घेऊन फक्त राहण्याच्या खर्चाची तजवीज करता येते. मग दरमहा साडेसतरा हजार पुरतात. मात्र शिकत असतानाही कर्जावर व्याज चढतच असते.

पैसे कुठे ठेवायचे?

2020 मध्ये जानेवारी ते मार्च या काळात निफ्टी सुमारे 38 टक्के घसरला होता. शुल्क भरण्याची तारीख बाजार सावरण्याची वाट पाहत नाही. त्यामुळे या रकमेचा मोठा भाग आवर्ती ठेवीत असावा. शेअर बाजारात थोडी रक्कम असलीच, तर ती नोकरी सोडण्याच्या वर्ष-दीड वर्ष आधी काढून घ्यावी. नोकरी सोडताना सहा महिन्यांचा खर्च बचत खात्यात आणि बाकी रक्कम दर सहामाहीला एक मुदत संपेल अशा ठेवींत ठेवली, तर मुदतीआधी ठेव मोडावी लागत नाही.

विसरू नये असे

कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो. आधीपासून असलेल्या आजारांना वैयक्तिक विम्यात काही काळ संरक्षण मिळत नाही. म्हणून ही पॉलिसी नोकरीत असतानाच घ्यावी आणि तिचा हप्ता खर्चात धरावा. भविष्य निर्वाह निधी या हिशेबात धरू नये. सलग पाच वर्षांच्या सेवेआधी तो काढल्यास सहसा कर लागतो आणि निवृत्तीची पुंजीही आटते.

दरवर्षी नवे शुल्क आणि प्रत्यक्ष खर्च पाहून आकडा पुन्हा मांडावा. फरक पहिल्या वर्षी कळला तर हप्ता थोडा वाढवून भागते, पण चौथ्या वर्षी कळला तर प्रवेशच पुढे ढकलावा लागतो.